आधी कोण नमतंय

"समोरून गाडी दिसली की आधी आपण डिप्पर द्यायचा, वेग कमी करायचा आणि नजर आपल्या कडेवर ठेवायची," मामंजी मला गाडी शिकवताना सांगायचे.

त्या रात्री समोरच्या ट्रकने दिव्यांचा अप्पर सोडला नाही, म्हणून ह्यांनीही चिडून टेम्पोचा अप्पर लावला.

"बघू, कोण आधी नमतंय!"

वेगही कमी केला नाही. झोताने डोळे दिपले आणि कडेचा सायकलवाला दिसलाच नाही. आरशाचा फटका बसून तो चरीत पडला. टेम्पो थांबवून आम्ही दोघं उतरलो.

"आंधळा आहेस का रे?" तो खांदा धरून ओरडला.

"त्या ट्रकवाल्याला विचार!" हे गुरगुरले.

"त्यानं नाही उडवलं मला!"

"दादा, दवाखान्यात मी नेते तुम्हाला," मी म्हणाले.

"माझी गाडी तू चालवणार?" हे माझ्यावर खेकसले.

मी त्याला आधार देऊन शेजारी बसवलं आणि डिप्परवर गाडी काढली.