दहा गुणांची ग्रामसभा

श्रीगोंद्याच्या कॉलेजात यशोधरा मॅडमच्या राज्यशास्त्राच्या सराव प्रश्नसंचाला भारी मान होता. दोन गुणांचे लघुत्तरी प्रश्न, दहा गुणांचे दीर्घोत्तरी आणि प्रत्येकाखाली आदर्श उत्तराचे मुद्दे. सराव झाला की मुलं एकमेकांचे पेपर तपासत. मुद्दा सापडला की गुण, नाही सापडला की काट. मॅडमना त्यात काही वावगं दिसत नव्हतं.

आज मात्र स्नेहल रडवेली होऊन स्टाफरूमच्या दारात उभी होती.

"मॅडम, मला राज्यशास्त्र सोडायचंय. विषय बदलायचा आज शेवटचा दिवस हाय."

"का गं? वर्गात तर प्रश्न विचारून भंडावून सोडतेस!"

"दहात चारच पडले. पेपर ओमनं तपासला. म्हणला, दोनच मुद्दे जुळतात. मला न्हाई जमत."

मॅडमनी पेपर ओढून घेतला. 'ग्रामसभा ही प्रत्यक्ष लोकशाही आहे, या विधानाची चिकित्सक चर्चा करा.' त्यांचे मुद्दे होते अर्थ, रचना, अधिकार, महत्त्व, समारोप.

पोरीनं पहिल्याच वाक्यात बाजू घेतली होती. ग्रामसभा बसायला जागा देते, बोलायची हमी देत नाही. मतदारयादीतला प्रत्येक जण तिचा सभासद, पण अधिकार किती, हे संविधानाच्या कलम २४३-अ नं राज्याच्या कायद्यावर सोपवलंय. मग तिनं आपलं गाव आणलं होतं. आधी होणाऱ्या महिलांच्या सभेत तिची आई नळाच्या पाण्यावर खणखणीत बोलते, आणि मुख्य ग्रामसभेत तीच आई मागे गप्प बसते. लगेच उलट बाजूही मांडलेली. ती महिला सभा नसती, तर पाण्याचा विषय मुख्य सभेत आलाच नसता. शेवटी निष्कर्ष होता, तोही स्वतःचा.

इतकी वर्षं मॅडम हे प्रकरण शिकवत होत्या, पण आज त्यांना पहिल्यांदाच ग्रामसभा दिसली. मग नजर पुन्हा आपल्या मुद्द्यांवर गेली आणि त्या चरकल्या. 'ग्रामसभा म्हणजे काय' या लघुत्तरी प्रश्नाचे मुद्देच त्यांनी ताणून इथे लावले होते. 'चिकित्सक चर्चा' त्यात कुठेच नव्हती. चर्चा केली होती ती एकट्या स्नेहलनं.

त्या तिला घेऊन थेट वर्गात गेल्या. उत्तर मोठ्यानं वाचलं. वाचून झाल्यावर मॅडम म्हणाल्या, "माझे मुद्दे चुकलेत. खोडा सगळ्यांनी."

ओम चाचरत उठला. "मॅडम, मग हिला गुण किती द्यायचे?"

"तूच सांग. आता मुद्दे मोजून नको, प्रश्न वाचून सांग."

ओमनं प्रश्न वाचला, उत्तर पुन्हा वाचलं, चाराचा आकडा खोडला आणि पेपर आदरानं दोन्ही हातांनी स्नेहलपुढे धरला. नऊ.

"काय गं, विषय बदलायचाय अजून?" मॅडमनी विचारलं.

स्नेहलनं मान हलवली. "न्हाई मॅडम. पण हा पेपर घरी नेऊ का? आईला वाचून दाखवायचाय. पुढच्या ग्रामसभेच्या आधी."