जांभळ्या शिसपेनीच्या चार ओळी

ओग्न्यान द्रुमेव आमच्या गावचा माजी महापौर. विदिन शहरातल्या माझ्या फोटोच्या दुकानात तो वडिलांचा फोटो घेऊन आला. गावच्या वाचनालयात वडिलांच्या नावाची पाटी लागणार होती आणि तिच्याशेजारी हा फोटो.

फोटो १९५१ सालचा. मळणीयंत्रापुढे तिघं उभे : त्याचे वडील द्रुमी, माझे आजोबा लाझार आणि लोहार त्सोलो. पातळ कागद जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला. मागचं जांभळं लिखाण पुढे उमटलं होतं, थेट चेहऱ्यांवरून.

"एवढी घाण काढून दे, झोर्नित्सा. तुझे आजोबाही आहेतच की त्यात! दोस्त होते दोघं."

"मागे काय लिहिलंय?"

"मला काय माहीत? लहानपणापासून असाच चिकटलेला बघतोय."

तो फोटो निघाला आणि दोन महिन्यांत पोलिसांनी आजोबांना सक्तमजुरीच्या छावणीत नेलं. ते परत आलेच नाहीत. चुगली केली शेजारच्या वेलिकानं, हे आमच्या घरात कुणी सिद्ध करायची गरज नव्हती. त्या आठवड्यात ती चौकीत जाऊन आली होती, बस्स. आई तेव्हा बारा वर्षांची. तिनं पुढे वेलिकाच्या विहिरीत मेलेली मांजर टाकली, तिच्या मुलाचं ठरलेलं लग्न मोडलं. तिच्या कोंबड्यांवर मी दगड मारले की मला अक्रोड मिळायचे. वेलिका मेली त्या दिवशी आईनं मुद्दाम अंगणात गालिचे झोडपले.

मी फोटो स्कॅन केला. एरवी अशा कामात मागची बाजूही स्कॅन करते, आरशासारखी उलटी करून पुढच्या बाजूवर बसवते आणि तिच्या आधारानं डाग उतरवते. इथे मागे पुठ्ठा. पण शाई जांभळी होती, फोटो काळा-पांढरा. रंगीत स्कॅन लाल, हिरव्या आणि निळ्या भागांत वेगळा केला. जांभळी शाई हिरव्यात कोळशासारखी दिसते, निळ्यात जवळजवळ विरते. आजोबांचा चेहरा निळ्यातून स्वच्छ वर आला. राहिलेले फिकट ओरखडे शेजारचा पोत घेऊन हातानं भरले. डोळ्यांना मात्र हात लावला नाही, तिथे होतं तेवढंच ठेवलं.

शाई कुठे कुठे आहे हे नेमकं कळावं म्हणून निळ्यातून हिरवा वजा केला होता. फोटो गेला आणि नुसती अक्षरं उरली, उलटी. ती मी फिरवली.

"डावीकडून दुसरा लाझार. सरकारला द्यायचा गहू पुरून ठेवतो. रात्री परदेशी रेडिओ ऐकतो. ओळख पटावी म्हणून फोटो सोबत, काम झाल्यावर परत द्यावा. द्रुमी द्रुमेव."

काम झालं होतं. फोटो परत आला होता. लिखाण दडवायला द्रुमीनं तो पुठ्ठ्यावर चिकटवला. पण ते लिखाण ओल लागली की जांभळी शाई होणाऱ्या जुन्या शिसपेनीचं; ओल्या खळीनंच ते विरघळून त्यांच्या तोंडांवर आलं.

मी आईला वाचून दाखवलं. हातातला बटाटा तिनं सोलून पूर्ण केला. मग म्हणाली, "फोटो नीट करून दे त्याला. उत्तम करून दे. आणि ही अक्षरंही तेवढीच मोठी छाप."

वाचनालयात साठेक माणसं होती. ओग्न्याननं फोटोवरचं कापड ओढलं, टाळ्या झाल्या. "बघा, किती स्वच्छ केलंय पोरीनं!"

"काढलेलं फेकायचं नसतं, काका," मी म्हणाले, आणि त्याच मापाची दुसरी चौकट शेजारच्या खुर्चीवर उभी केली. "ही मागची बाजू."

पुढच्या रांगेतल्या मास्तरांनी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली आणि सहीपाशी थांबले.

"खोटं आहे! संगणकावर वाट्टेल ते करता येतं!" ओग्न्यानचे कान लाल झाले होते.

"मूळ फोटो तुझ्याच घरी आहे ना?" आई उठली. "आण. इथे सगळ्यांसमोर पाण्यात भिजवून सोडवू पुठ्ठा. आण की रे!"

तो गेला तो आलाच नाही. पाटी लागली नाही. मला इतकं बरं वाटलं की घरी येताना मी गाडीत गात होते.

आठवड्यानं मी त्या अक्षरांची एक प्रत घेऊन वेलिकाच्या मुलाकडे गेले. तो आता साठीचा, एकटाच राहतो. त्यानं फाटकातूनच वाचलं, कागद माझ्या हातात परत दिला. "आईच्या विहिरीतलं पाणी आम्ही नंतर कधीच प्यायलो नाही," एवढंच बोलला आणि आत गेला.

हे मी आईला सांगितलं. वेलिकाचं नाव तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

"ओग्न्यान पाव कुठून घेतो गं आता?" तिनं विचारलं. "त्या दुकानाच्या भिंतीसाठी अजून एक छाप."

मी छापली.