पाचांत शेवटची

“मॅडम, फोटो नीट बघा आणि बरोबर की चूक, एवढंच सांगा. फोन नका करू, माझा आवाज बसलाय.”

आम्रपालीचा तो आवाज माझ्या मोबाईलमध्ये नऊ सेकंदांचा आहे. त्याच्या वर फोटो. वहीचं पान, दवाखान्याच्या पांढऱ्या चादरीवर ठेवलेलं, कोपऱ्यात सलाईनच्या नळीचा तुकडा आलेला.

तो गुरुवार होता. गुरुवारी देवापाशी दिवा लागेपर्यंत मी फोन उघडत नाही, हा माझा नेम बऱ्याच वर्षांचा. सकाळी आलेला फोटो मी संध्याकाळी पाहिला. व्रताला मी दोष देणार नाही. फोटो पाहिल्यावर उत्तर लिहायला दोन मिनिटं लागली असती. साबुदाणा भिजत घालायचा राहिला होता, कंबर दुखत होती, आणि मी लिहिलं, “उद्या सविस्तर पाठवते गं. आधी बरी हो.” शुक्रवारी पहाटे तिच्या प्लेटलेट फारच उतरल्या. डेंग्यूने सव्वीस वर्षांची मुलगी गेली.

आकुर्डीच्या आमच्या कॉलेजात मी संख्याशास्त्र शिकवते. आम्रपाली एम.एस्सी.ला माझ्या हाताखाली होती. पुढे चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला लागली, आणि सुटून आली की विहाराशेजारच्या अभ्यासिकेत वस्तीतल्या बी.एस्सी.च्या मुलींना शिकवायची. फुकट. त्या वहीच्या पानावर तिने सोडवलेला प्रश्न त्यांच्यातल्याच मोनिकाने पाठवला होता.

पुण्यानुमोदनाचा विधी झाल्यावर, एका शनिवारी मी तिच्या आईकडे गेले. सरूबाई चाकणला कंपनीच्या कँटीनमध्ये कामाला जातात. दार उघडं होतं. मी “जय भीम, सरूबाई” म्हटलं, त्यांनी “या मॅडम” म्हणून चटई टाकली. पाणी आणलं. रडल्या नाहीत. रडणं संपलेलं माणूस कसं दिसतं ते मी त्या दिवशी पाहिलं.

“तुमच्यासाठी एक गंमत ठिवलीय,” म्हणत त्यांनी आपला फोन पुढे केला. “बघा, मोनिकानं धाडलंय. अभ्यासिकेचा फळा.”

फळ्यावर मोनिकाच्या गोल अक्षरात तेच गणित होतं. आम्रपालीने दवाखान्यातून ते मला पाठवलं, तसंच मुलींनाही पाठवलं होतं. माझं उत्तर येण्याआधीच. फळ्याच्या खाली तिचा फोटो, मोगऱ्याचा हार, आणि वर खडूने लिहिलेलं: ताईंनी सोडवलेलं शेवटचं गणित. कुणी पुसू नये.

“सगळ्या पोरींनी वहीत उतरून घेतलंय,” सरूबाई म्हणाल्या. “सोमवारी पेपर हाय त्यांचा. म्हणत्यात, ताईचं हे तर येनारच. पाठच केलंय.”

मी फोटो मोठा केला. पुन्हा केला. पहिलीच पायरी गाळलेली होती.

“काय झालं मॅडम?”

काही नाही, असं म्हणायला जीभ उचलली होती. पण सकाळी देवासमोर बसून ज्या तोंडाने नाव घ्यायचं, त्याच तोंडाने त्या बाईशी खोटं कसं बोलू?

“सरूबाई, तुमची कंपनीची बस किती वाजता?”

त्या चक्रावल्या. “सहा ते साडेसहात कवाबी. आमी पाचजणी चढतो ना स्टॉपवरून. समद्या आल्याबिगर डायव्हर हलत न्हाई.”

“तुम्ही पाचही जणी वेगवेगळ्या गल्ल्यांतून येता. कुणी कुणाला विचारून निघत नाही. समजा, प्रत्येकीचं येणं त्या अर्ध्या तासात कधीही होऊ शकतं, सहाला जितकं शक्य तितकंच साडेसहाला. मग बस कधी सुटेल?”

“शेवटची येईल तवा.”

“तीच शेवटची. हा प्रश्न तिच्याबद्दल आहे. पाच संख्या, आणि त्यातली सगळ्यात मोठी कुठे पडेल.”

“हे काय गणित झालं? ती लता कायम शेवटची. तिला वेणी घालायलाच अर्धा तास लागतो.” त्या पहिल्यांदा जराशा हसल्या. मग थांबल्या. “पोरीनं काय लिवलंय?”

“तिने लिहिलंय, शेवटचीही कधीही येऊ शकते. सहाला जितकं शक्य, तितकंच साडेसहाला. म्हणजे दोन दिवसांतून एक दिवस तुमची बस सव्वासहाच्या आतच सुटेल.”

“ह्या!” सरूबाईंनी हात झटकला. “सव्वासहाच्या आत पाचीच्या पाची? महिन्यातून एकांदा दिवस झालं तर नशीब.”

“बत्तीस दिवसांत एक,” मी म्हणाले. “एक जण सव्वासहाच्या आत येण्याची शक्यता निम्मी. दोघींची निम्म्याची निम्मी. पाचदा निम्मं करत गेलं की बत्तिसावा भाग. शेवटची लवकर यायची तर पाचहीजणी लवकर याव्या लागतात ना? म्हणून ती बहुतेक उशिराच येते. सरासरी काढली तर सहानंतर पंचवीस मिनिटांनी.”

सांगता सांगता मी सवयीने कागद ओढला. अर्धा तास म्हणजे शून्य ते एक धरून आधी सगळ्यात मोठी संख्या एक्सच्या आत असण्याची शक्यता काढायची: पाचही आत हव्यात, म्हणून एक्सचा पाचवा घात. मग त्याचं विकलन: पाच गुणिले एक्सचा चौथा घात. ती डेन्सिटी, म्हणजे शक्यता कुठे किती दाट ते, शून्यापाशी सपाट, एकाकडे जाताना झपाट्याने वर चढणारी. आम्रपालीने पहिली पायरी सोडून पाच डेन्सिटीच एकमेकींना गुणल्या होत्या. प्रत्येकीची एक. एक गुणिले एक, पाचदा. उत्तर एक.

सरूबाई कागदाकडे नाही, माझ्याकडे बघत होत्या.

“म्हंजी माझ्या लेकीचं चुकलं.”

“हो.”

“तिला येत व्हतं का हे?”

“दोन वर्षांपूर्वी वर्गात फळ्याशी उभी राहून तिनेच दुसऱ्यांना समजावलं होतं.”

“मग?”

“एकशे तीन ताप होता हो तिला. तिला शंका होती. म्हणून तर मला विचारलं, बरोबर की चूक. आणि मी उद्या म्हणाले. तेव्हाच सांगितलं असतं तर तिने स्वतः मुलींना कळवलं असतं. तिच्या हाताने दुरुस्त झालं असतं.”

मला वाटलं आता जा म्हणतील. त्यांनी भिंतीवरच्या फोटोची धूळ नसलेली काच पदराने पुसली.

“मी रोज तितं फळ्यापाशी जाऊन बसते,” त्या म्हणाल्या. “वाचता येत न्हाई मला. पण वाटतं, लेकीचं डोकं चालत व्हतं, ते हितं उमटलंय. ते पुसलं की काय राहिलं मला?”

शेजारच्या घरात कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. मग त्याच म्हणाल्या, “तिनं ठिवलं नसतं. लहानपनी एक अक्षर वाकडं आलं तर सगळी पाटी पुसायची. मी म्हनायची, राहू दे गं, तर रडायची.”

“पुसू?”

“तुमी पुसा. पोरींना पुसाया सांगू नका. पोरींच्या हातनं नको. आन्‌ चुकलं म्हनू नका तिचं.”

“सरूबाई, चुकलं नाही असं मला म्हणता येणार नाही.”

“मग तापात व्हती, असं म्हना आदी. मग पुढचं काय ते.”

“तापात होती, असंच आधी म्हणेन.”

“आन्‌ आजच.”

“आजच.”

“मला बघवायचं न्हाई. मी येत न्हाई.”

मी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. त्यांनी उंबऱ्याशी माझा हात क्षणभर धरला. त्यांचा तळवा कँटीनच्या सोड्याने खरखरीत झालेला.

अभ्यासिका दोन गल्ल्या पलीकडे होती. पाचला मुली जमतात. पावणेपाच झाले होते. चपला घातल्या आणि विहाराच्या दिशेने चालू लागले.