मागायचं रडणं

ज्ञानदेव हवालदार सुट्टीवर आला तेव्हा त्याच्या ट्रंकेत लेकीसाठी लाल लोकरीची टोपी होती आणि मनात एकच गोष्ट होती. मनूनं आपल्याला बाप म्हणून ओळखावं. पोर चार वर्षांची झाली होती आणि बापाला तिनं तोवर दोनदाच पाहिलं होतं, त्यातलं एकदा पाळण्यातून. माणूस देशाची हद्द राखतो आणि घरात पाहुणा होऊन बसतो, त्यातली गत. रहिमतपूरजवळच्या त्या गावात ज्ञानू घरी पोचला आणि उंबऱ्यावर बसून त्यानं हाक मारली, तर मनू आईच्या लुगड्याआड गेली. टोपी डोक्यावर घातली, तर तिनं ती ओरबाडून काढली आणि चुलीच्या दिशेनं भिरकावली. मग जी रडायला लागली, ती थांबेचना.

"लाडानं वाया गेलीया," थोरला भाऊ लालासाहेब म्हणाला. "बाप पलटणीत, आय भोळी. तू हायस तवर सरळ करून ठेव तिला."

ज्ञानूला ते पटलं. तो लष्करात खेचरांच्या तुकडीत होता. गाडी जात नाही अशा डोंगरचौक्यांवर खेचरांच्या पाठीवरून रेशन आणि दारूगोळा चढवायचा, हे त्याचं काम.

"मोठमोठी खेचरं वठणीवर आणली मी," तो बायकोला म्हणाला. "ही तर वीतभर पोर."

"आवं, लेकरू हाय ते, खेचर न्हाई," अंजना म्हणाली. थापलेली भाकरी तव्यावर टाकून ती पुढं म्हणाली, "तिची दोन रडणी हायती. एका रडण्यात तिला कायतरी पायजे असतं. दुसऱ्यात कायबी नको असतं. म्या लय बारीक बगितलंय."

"रडणं ते रडणं," ज्ञानू हसून म्हणाला. बायकोनं चार वर्षं एकटीनं पाहिलेलं त्यानं एका हसण्यात उडवून लावलं. पुरुषमाणसाला सुट्टीत एवढं तरी जमतंच.

पुढच्या आठवड्यात तो मनूला घेऊन साताऱ्याच्या बाजारात गेला. किल्लीवर पळणारी पत्र्याची मोटार पाहून मनूनं बोट दाखवलं. ज्ञानू म्हणाला, "आज न्हाई." झालं! पोरीनं भर रस्त्यात अंग टाकलं, पाय झाडले, सगळा बाजार गोळा केला. पण ज्ञानूनं पाहिलं, की डोळ्यांवर घेतलेल्या हाताखालून एक डोळा उघडा आहे आणि तो बापावर आहे. बाप बघतोय ना, एवढ्याची खात्री करून ती पुन्हा सूर लावत होती. एका टांग्याखाली जायला नको म्हणून तिनं मधेच अंग सरकवूनही घेतलं.

ज्ञानू रागावला नाही, की विरघळलाही नाही. शेजारी उभा राहून त्यानं एकदाच सांगितलं, "तुला मोटार पायजे, मला कळलं. आज मिळायची न्हाई." मग तो गप्प उभा राहिला. थोड्या वेळानं सूर उतरला. मनू उठली, परकराची धूळ झटकली आणि हुंदके देत त्याच्याजवळ आली. त्यानं तिला खांद्यावर घेतलं आणि केळं दिलं. घरी येताना ती त्याच्या खांद्यावरच झोपली. ज्ञानूला वाटलं, आपण गड जिंकला. त्या दिवशी तो चुकला नव्हता, आणि हेच पुढं त्याला महागात पडलं.

वैशाखात अंजनाच्या धाकट्या बहिणीचं लग्न सांगलीला निघालं. सासू हरणाबाईंना मुलगा नव्हता. त्यामुळं नवऱ्या मुलाला घोड्यावरून उतरवून घ्यायचा मान थोरल्या जावयाचा, म्हणजे ज्ञानूचा होता. कोशा पटका बांधून हवालदारसाहेब तयार झाले.

मनू पहाटेच उठून एसटीत बसलेली. दुपारची झोप नाही, पोटात धड अन्न नाही. अंगात नवा नायलॉनचा झगा, गळ्याला टोचणारी जर. मांडवात लाउडस्पीकर कोकलत होता आणि येईल ती बाई पोरीचा गालगुच्चा घेऊन तिला मांडीवर ओढत होती. मनूनं दोनदा आईला "घरी" म्हटलं. तिनं कानांवर हात घेतलेले अंजनानं पाहिले होते, पण नवरीची बहीण तेव्हा दहा ठिकाणी हवी होती. मग वरात दाराशी आली. बँडवाल्यानं अगदी जवळ येऊन पिपाणी फुंकली, कुणीतरी फटाक्यांची माळ लावली, आणि मनू किंचाळली.

ज्ञानूनं बाजारातलाच उपाय काढला. शेजारी ताठ उभा राहिला. पण सूर उतरेना. पोर गोल गोल फिरत होती, खांबावर आपटत होती. लोक बघायला लागले तसा त्याचा धीर सुटला. त्यानं एका पोराच्या हातातला फुगा घेऊन तिच्यापुढं धरला. तिनं फुग्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"दे ठेवून एक," लालासाहेब म्हणाला. "पावन्यांत शोभा चाललीया."

ज्ञानूनं दिली ठेवून. तो मार जणू दुसऱ्याच कुणाला बसला, अशी मनू रडतच राहिली आणि स्वतःच्याच मनगटाला कडकडून चावली. तेव्हा त्यानं तिला उचललं, मागच्या धान्याच्या खोलीत ठेवलं आणि बाहेरून कडी घातली. "गप झालीस की उघडतो," तो दाराला तोंड लावून ओरडला.

बाहेरून हाका येत होत्या, "हवालदार, नवरदेव आला! चला!"

तो दोन पावलं गेला आणि आतून दाराच्या फळीवर धप्प आवाज आला. पुन्हा धप्प. पोर डोकं आपटत होती. मघाचा तिचा चेहरा त्याच्यापुढं आला. डोळे दोन्ही सताड उघडे होते, पण ते बापाला शोधत नव्हते. ते कुणालाच बघत नव्हते.

असे डोळे त्यानं आधी पाहिले होते. डोंगरात एकदा रस्त्यासाठी सुरुंग उडाला आणि ओझ्याचं एक खेचर बुजलं. नव्या रंगरुटाला वाटलं जनावर अडलंय. त्यानं पट्ट्यानं हाणायला सुरुवात केली. ज्ञानू वरून ओरडत खाली येईपर्यंत खेचर दरीत गेलं होतं. त्या रात्री तो त्या पोराला म्हणाला होता, "अरं, अडल्यालं जनावर तुझ्याकडं बगतं. बुजल्यालं बगत न्हाई, त्याला काय दिसतच न्हाई. अडल्याल्यापुढं माणसानं ठाम ऱ्हावं. बुजल्याल्याला मारायचं न्हाई, वढायचं न्हाई, वझं उतरायचं आन् गप जवळ थांबायचं." हे तो गेली कित्येक वर्षं शिकवत होता. परक्या पोरांना शिकवत होता, आणि स्वतःच्या पोरीला त्यानं कडी घातली होती.

त्यानं कडी काढली.

आत शिरून आधी त्यानं दार ओढून घेतलं, खिडकी लावली. स्पीकरचा आवाज अर्ध्यावर आला. मनू दाराजवळ अंग आवळून पडली होती. त्यानं डोक्यावरचा पटका काढून तिच्या आणि फळीच्या मध्ये सरकवला, म्हणजे डोकं आपटलं तरी कापडावर आपटावं. गळ्याशी टोचणारं झग्याचं बटण हलक्या हातानं सोडलं. तिनं अंग झटकलं तसा त्यानं हात लगेच मागं घेतला. गप म्हटलं नाही, काय झालं विचारलं नाही. पोत्याला पाठ टेकून, तिच्याकडं तिरका होऊन तो जमिनीवर बसून राहिला.

बाहेरून दार वाजलं. "आवं हवालदार! मान तुमचा हाय!"

तो उठला नाही. त्याचे डोळे भरून आले होते. आपण हिला मारलं, हे त्याच्या मनातून जाईना.

किती वेळ गेला कोण जाणे. किंचाळणं ओसरून नुसतं रडणं उरलं, मग हुंदके. मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा दाराकडून काहीतरी सरकलं आणि घामानं भिजलेलं एक डोकं त्याच्या गुडघ्याला येऊन टेकलं. तेव्हा कुठं त्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला. पोर क्षणात झोपली, ताप उतरल्यावर झोपतात तशी.

अक्षता पडल्यावर अंजना धावत आली. दारातच थबकली. ज्ञानूचा मान लालासाहेबानं उरकला होता, मांडवात कुजबुज चालू होती. बोडक्या डोक्याचा ज्ञानू खालच्या आवाजात म्हणाला, "ती बुजली हुती गं. आन् म्या मारलं."

अंजनानं पदर तोंडाला लावला. "टोपी फेकली तवाबी बुजलीच हुती," ती म्हणाली. "लोकर टोचती तिला."

गावी परतल्यावर ज्ञानू दुसऱ्या टोकाला गेला. मनूनं गुळाच्या ढेपेकडं बघून भोकाड पसरलं, की हा घाबरून खडा काढून द्यायचा. शेवटी अंजनानं त्याचा हात धरला. "मागतीया ती. डोळं बगा की!" मनू बोटांच्या फटीतून बघत होती. ज्ञानूनं गूळ परत ठेवला आणि जेवणानंतर मिळेल म्हणून सांगितलं. तिनं घर डोक्यावर घेतलं आणि मग आपणच खाली ठेवलं. नंतर यात्रेत ताशे वाजायला लागले आणि मनूचे हात कानांकडं गेले, तसा तो तिला उचलून सरळ मळ्याकडं चालू लागला. लोक म्हणाले, पोरीनं हवालदाराला नाचवलं. म्हणेनात का.

सुट्टी संपली. साताऱ्याच्या स्टँडवर पुण्याची गाडी लागली. ज्ञानूनं ट्रंक वर चढवली आणि मनूच्या डोक्यावर हात ठेवला. तिला अजून समजलं नव्हतं. कंडक्टरनं घंटी दिली तेव्हा समजलं.

तिनं स्टँडच्या धुळीत अंग टाकलं. "न्हाई जायाचं! आबानं न्हाई जायाचं!"

आबा. हा शब्द तिनं पहिल्यांदा उच्चारला होता. ज्ञानू पायरीवरून खाली उतरला आणि तिच्याशेजारी उकिडवा बसला. स्टँडवरचा गलका, हॉर्न, माणसं. बुजली असेल, असं म्हणून त्यानं आधी तिचे डोळे पाहिले. एका हातानं चेहरा झाकलेला होता, आणि त्या हाताखालून एक डोळा उघडा होता. तो त्याच्यावर रोखलेला होता.

मागत होती पोर. जन्मात पहिल्यांदा तिनं बापाला मागितलं होतं, आणि हा हट्ट पुरवायचा नसतो हे बापानं स्वतःच शिकून घेतलं होतं.

"तुला मी पायजे," तो म्हणाला. "मला कळलं, बाय. पण मला जायाचं हाय."

तिनं सूर आणखी चढवला. तो मात्र घंटी पुन्हा वाजेपर्यंत तिच्याशेजारी धुळीत बसून राहिला आणि मग उठून गाडीत चढला. खिडकीतून त्यानं मागं पाहिलं, तेव्हा मनू उठून उभी राहिली होती, परकराची धूळ झटकत होती, आणि दोन्ही डोळ्यांनी त्याच्याकडं बघत होती.