थायरॉइडचा तक्ता आणि क्षमामावशी

जानेवारीतल्या त्या दुपारी क्षमामावशींच्या पुढच्या खोलीत पंखा सुरू होता आणि गंधाली शाल गुंडाळून बसली होती. मावशींना मात्र गरमच होत होतं. पदराने मान पुसत त्या म्हणाल्या, आजचा तक्ता झाला की माझी सुट्टी.

ही सुट्टी साधी नव्हती. नर्सिंग कॉलेजात आयुष्यभर शिकवून निवृत्त झाल्यावरही ब्राह्मणपाऱ्यातल्या या घरात त्यांची शिकवणी थांबली नव्हती. पाऱ्यातली म्हणजे मोहल्ल्यातली, नातेवाइकांकडे राहणारी, वसतिगृहातून पायी येणारी, कोणी ना कोणी पोट्टी पुस्तक उघडून बसलेली असायचीच. फी कधी घेतली नाही. पण दिवाळीपासून मावशींचं काही खरं नव्हतं. झोप लागत नव्हती, भूक चांगली असून अंगावरचे ब्लाऊज सैल झाले होते, जिना चढला की छातीत धडधड व्हायची. त्याहून वाईट म्हणजे राग. मागच्या आठवड्यात मंजिरीने एक साधा प्रश्न दुसऱ्यांदा विचारला, तर मावशींनी तिची वही आपटली. पोट्टी रडत गेली ती परत आली नाही. बंगळुरूहून शेखर, त्यांचा मुलगा, रोज फोनवर सांगायचा की आई, वय झालं, आता बंद कर आणि इकडे ये. मावशींनी अखेर हो म्हटलं होतं. ज्या शिक्षकाला पोरांचा राग येतो त्याने घरी बसावं, असं त्या स्वतःच नेहमी म्हणत आल्या होत्या.

गंधाली नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि सोमवारी तिची परीक्षा. तिने तक्ता आखून आणला होता. डावीकडे थायरॉइड जास्त, उजवीकडे थायरॉइड कमी. लक्षणं तिने नीट भरली होती. डावीकडे वजन घटणं, गरम होणं, घाम, जलद नाडी, धडधड, पातळ शौच, थरथर, चिडचिड, झोप न येणं. उजवीकडे वजन वाढणं, थंडी वाजणं, कोरडी कातडी, मंद नाडी, बद्धकोष्ठ, सुस्ती. पण तपासण्यांच्या ओळीत तिने डावीकडे सगळंच वाढलेलं लिहिलं होतं, टीएसएचसुद्धा.

मावशींना चिडचिड चढत असल्याचं जाणवलं. त्यांनी एक घोट पाणी घेतलं आणि मग सांगितलं की टीएसएच म्हणजे आईने पोरांना जेवायला मारलेली हाक. पोरं ताटावर येऊन बसली की आई कशाला ओरडेल? गप्प बसते. येतच नसली तर तिचा आवाज चढत जातो. तशीच मेंदूखालची ग्रंथी. थायरॉइड रक्तात भरपूर असेल तर हाक बंद, म्हणून डावीकडे टी-थ्री, टी-फोर वर आणि टीएसएच खाली. गळ्यातली थायरॉइड ग्रंथीच कामचुकार झाली असेल तर उजवीकडे टी-फोर खाली आणि टीएसएच वर.

गंधाली हसून म्हणाली, तिच्या आईचा टीएसएच मग कायम वरच असतो. तिने खाडाखोड केली आणि दोघी शुश्रूषेच्या ओळीवर आल्या. डावीकडचा रुग्ण शांत आणि थंड खोलीत, नाडी आणि तापावर नजर, थोडं थोडं पण भरपूर खाणं. डोळे बाहेर आले असतील तर त्यांना कोरडं पडू द्यायचं नाही. ताप एकदम चढला आणि रुग्ण बरळू लागला तर क्षणही न दवडता डॉक्टरांना बोलवायचं. उजवीकडच्याला ऊब, पाणी, भाजीपाला, कातडीला तेल. झोपेचं औषध जपून, कारण त्याचा श्वास आधीच मंद. गोळी सकाळी उपाशीपोटी, चहा नंतर, आणि कॅल्शियम वा लोहाची गोळी चार तासांनी.

मावशींची एक पद्धत होती. तक्ता भरला की तो माणसावर तपासायचा, आणि ते माणूस बहुधा त्याच असायच्या. निरोगी हात कसा असतो हे आधी ठाऊक हवं, मग आजारी हात कळतो. त्यांनी दोन्ही हात समोर पसरले आणि बोटांवर वहीचा सुटा कागद ठेवायला सांगितला. डावीकडच्या रुग्णाचा कागद फडफडतो, माझा बघ कसा पडून राहतो, असं त्या म्हणणार होत्या.

कागद फडफडला.

गंधालीने आधी पंख्याकडे पाहिलं. उठून पंखा बंद केला. कागद फडफडतच राहिला.

“मावशी, तुमचा हात काहून हलून राहिला?”

“वय गं पोट्टी, दुसरं काय.”

 त्यांनीच शिकवलं होतं तशी गंधालीने तीन बोटं मनगटावर ठेवली आणि घड्याळाकडे पाहत पूर्ण मिनिटभर नाडी मोजली. एकशे बारा. मग तिने तक्ता मावशींकडे फिरवला आणि डाव्या बाजूवर बोट ठेवून एक एक ओळ वाचू लागली. वजन. गरम. झोप. धडधड. चिडचिड वाचताना तिचा आवाज जरा खाली आला.

“पण मी तर उजव्या बाजूची,” मावशी म्हणाल्या. “कितीतरी वर्षांपासून गोळी घेते.”

“तेच तर. गोळी कितीची?”

“पन्नासची.”

“सकाळी किती घेता?”

“दोन.”

बोलून झाल्यावर मावशी स्वतःच थांबल्या. गंधालीने बाटली दाखवायला सांगितली. बाटलीवर पन्नास लिहिलं होतं. मावशींना पन्नासच हवी होती, पण रोज एक. पावसाळ्यात दुकानात पन्नासची नव्हती, तेव्हा दुकानदाराने पंचवीसची दिली आणि दोन घ्या असं नीट सांगितलं होतं. ती बाटली दसऱ्याच्या सुमारास संपली, पन्नासची परत मिळाली, आणि हाताची सवय दोनचीच राहिली. चष्मा न लावता, पहाटेच्या अंधारात, चहाच्या आधी दोन.

“तुम्ही दोन्ही बाजूंच्या झालात,” गंधाली म्हणाली. “आजार उजवीकडचा, लक्षणं डावीकडची.” मग तिने घाबरून विचारलं की उद्याची गोळी बंद करायची का.

मावशींना त्या घाबरण्याचंही कौतुक वाटलं. त्या म्हणाल्या, ते तू नाही आणि मीही नाही ठरवायचं, आत्ता डॉक्टरांना फोन लाव. या वयात जास्त गोळीने हृदयाची लय बिघडू शकते, म्हणून उशीर नको.

डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी बोलावलं. गंधाली परीक्षेचा अभ्यास टाकून मावशींना स्कूटीवर घेऊन गेली, सदर बाजारातल्या गर्दीतून वाट काढत, मागे वळून वळून विचारत की मावशी, ठीक आहात ना. ईसीजीत नाडी जलद होती पण लय नियमित होती. दुसऱ्या दिवशी रक्ताचा अहवाल आला, टीएसएच जवळजवळ नाहीसा. डॉक्टरांनी काही दिवस गोळी थांबवायला सांगितली, मग पन्नासची एकच, आणि दीड महिन्याने पुन्हा रक्त.

सुधारणा एका रात्रीत झाली नाही. आधी झोप आली, मग धडधड गेली. एके दिवशी एका पहिल्या वर्षाच्या मुलीने तोच प्रश्न चौथ्यांदा विचारला आणि मावशींनी चौथ्यांदा उत्तर दिलं, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आपण परत आलो. त्या दुपारी त्या चालत मंजिरीच्या घरी गेल्या आणि तिच्या आईसमोर तिची माफी मागितली. मंजिरी लाजून म्हणाली, “हव मावशी, उद्या येते.”

शेखरला त्यांनी फोनवर सगळं सांगितलं.  तो म्हणाला की फोन गंधालीला दे. त्याने तिला काय म्हटलं ते मावशींनी विचारलं नाही, पण फोन ठेवताना पोट्टीचे डोळे भरले होते.

मार्चमध्ये खोली पुन्हा भरली. थायरॉइडचा धडा आला तेव्हा मावशींनी खडू गंधालीच्या हातात दिला आणि स्वतः मागच्या चटईवर बसल्या. गंधालीने फळ्यावर दोन रकाने आखले, आणि खाली आडवी एक ओळ लिहिली. गोळी घेणाऱ्या रुग्णाला डोस विचारू नका, तिने सांगितलं, बाटली हातात घेऊन वाचा आणि किती घेता ते त्याला दाखवायला लावा. ही ओळ कुठल्या पुस्तकातली, एका मुलीने विचारलं.

गंधाली मावशींकडे पाहत राहिली. सांगावं की नाही ते तिला कळेना.

“माझ्यावरून शिकली ती,” मावशी मागून म्हणाल्या. “आणि तिच्यामुळे मी इथं बसले आहे. लिहून घ्या.”