मुळ्ये सरांचा उंचवटा

मुळ्ये सर हे रत्नागिरीतल्या एका कॉलेजच्या भौतिकशास्त्र विभागाचे प्रमुख, आणि योगिनी पावसकर ही त्याच विभागात तासिका तत्त्वावर शिकवणारी. म्हणजे शिकवायचं तिनं आणि तत्त्व सरांचं. पुढच्या वर्षी तिला किती तास द्यायचे, किंवा द्यायचेच की नाही, हे सर मे महिन्यात आंबे खाता खाता ठरवत.

तिच्यापुढे तिसऱ्या वर्षाच्या पेपरांचा गठ्ठा होता आणि वर सरांची नमुना उत्तरपत्रिका. प्रश्न सरळ होता. लांबलचक ताणलेली दोरी, मध्ये उंचवटा करून स्तब्ध धरली आणि सोडली. पुढे तिचं काय होईल? योगिनीनं वर्गात शिकवलं होतं की उंचवट्याचे दोन होतात, प्रत्येक निम्म्या उंचीचा. एक उजवीकडे जातो, एक डावीकडे. पोरांनी तसंच लिहिलं होतं. सरांच्या उत्तरात मात्र अख्खा उंचवटा ऐटीत उजवीकडे निघाला होता.

सरांप्रमाणे तपासायचं तर पाचापैकी शून्य, तेही आपलं ऐकलेल्या पोरांना. तसं न तपासायचं तर मे महिना होताच. तिनं दोन वेळा लाल पेन उघडलं, दोन वेळा बंद केलं, आणि सरांच्या केबिनमध्ये गेली.

"सर, उत्तरात थोडं..."

"चूक आहे?" सर प्रेमानं म्हणाले. प्रेमानं म्हणाले की विभागात लोक खुर्ची मागे सरकवत. "एफ ऑफ एक्स मायनस सीटी. लहरीच्या इक्वेशनमध्ये घाला. बसतं?"

"बसतं, सर."

"टी शून्य केला की दिलेला आकार येतो?"

"येतो."

"मग आणखी काय हवंय, सत्यनारायण?"

"वेग, सर. तुमच्या उत्तरात दोरी पहिल्या क्षणापासूनच हलतेय. प्रश्नात ती स्तब्ध आहे. सुरुवातीचा वेग शून्य हवा, तर उजवीकडे अर्धा आणि डावीकडे अर्धा, दोन्ही घ्यावे लागतात. मग दोघांचे वेग एकमेकांना खोडतात."

"बाई, पंचवीस वर्षं मी वर्गात दोरी हलवून दाखवतोय. एकच उंचवटा जातो. डोळ्यांनी पाहिलंय."

तिथंच तिला कळलं. सर खोटं बोलत नव्हते. पंचवीस वर्षं त्यांनी दोरीला झटका दिला होता. सोडली कधीच नव्हती.

"सर, एकदा सोडून बघू या?"

व्हरांड्यात दोन खांबांमध्ये दोरी ताणली गेली. प्रयोगशाळेतल्या संदेशनं ती मिरकरवाड्याच्या मासळी बंदरातून आणलेली, जाड आणि अजून बांगड्याच्या वासाची. अक्षया नावाची विद्यार्थिनी मोबाईल स्लो मोशनवर लावून उभी राहिली. सरांनी सवयीनं खांबाजवळ जाऊन दोरीला झटका दिला. एकच उंचवटा सळसळत पलीकडे गेला.

"पाहिलंत?"

"हात हलला, सर," योगिनी म्हणाली. "हात हलला म्हणजे दोरीला वेग मिळाला. आता मधोमध धरा, एक वीत उचला. मी आणि संदेश दोन बाजूंनी दाबून धरतो. तिघांनी हात एकदम काढायचे."

"मॅडम, मी सोडीन," संदेश दबक्या आवाजात म्हणाला, "पण सर सोडतील काय?"

पहिल्यांदा सर सोडायचे विसरले. दुसऱ्यांदा त्यांनी सोडताना अंमळ ढकललं, उजवीकडेच. तिसऱ्यांदा "तीन" म्हणताच सहाही हात एकदम सुटले. या विभागात कुठल्याही गोष्टीवर एवढं एकमत यापूर्वी झालं नव्हतं.

मग चौघं मोबाईलवर वाकले. वीतभर उंचवटा दबला, रुंदावला आणि त्याचे दोन झाले, प्रत्येक साधारण अर्ध्या वितेचा. एक या खांबाकडे, एक त्या खांबाकडे. सरांनी पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा दोनच.

योगिनीला वाटलं, गेला मे महिना.

"हे पुढं चालू ठेव गं," सर अक्षयाला म्हणाले. दोन्ही उंचवटे खांबांवर आपटले आणि उलटे होऊन परत निघाले. मधोमध भेटले, तेव्हा क्षणभर दोरीवर खालच्या बाजूला एकच मोठा उंचवटा लोंबला, जवळजवळ वीतभर.

"बघा!" सर उजळले. "पूर्ण उंची. मी म्हणत होतोच."

"उलटी आहे, सर."

"उंची पूर्ण आहे ना?"

"आहे, सर."

सर केबिनमध्ये गेले. उत्तरपत्रिका मागवून त्यांनी उत्तराच्या आधी बारीक अक्षरात 'अर्धा' लिहिलं. दुसरा अर्धा ओळीत मावेना, म्हणून तो समासात लिहून बाण काढला. मग सही केली आणि न बघताच म्हणाले, "पुढच्या वर्षी लहरी तुम्हीच घ्या. मी उष्णता घेतो. तिथं काही सोडावं लागत नाही."

योगिनीनं गठ्ठा उचलला आणि पहिल्या पेपरावर पाचापैकी पाच लिहिले.