वझलवार साहेबांची शिफारस

शिष्यवृत्तीवाल्यांनी सीव्ही दोन पानांचा मागितला होता. नवं आधी, जुनं नंतर. यामिनी लॅपटॉप उघडा टाकून जेवायला काय बसली, तिच्या बाबांनी, अच्युतरावांनी, सीव्हीला असं खतपाणी घातलं की छापून अंथरला असता तर जबलपुरातल्या गोरखपूर मोहल्ल्यातल्या घरापासून पार बाजारातल्या कमानिया गेटापर्यंत पोचला असता. सगळ्यात वर नर्सरीतलं लिंबू-चमच्याचं बक्षीस! एमएससीचं सुवर्णपदक पार तळाशी.

"बाबा, हे काहून घातलं?"

"सुरुवात तिथूनच झाली ना, बेटा."

जागा व्हावी म्हणून बरगीची रविवारची शाळाच उडवलेली. धरणाकाठच्या मासेमारांच्या पोरांना यामिनी दोन वर्षं शिकवत होती, आणि समाजसेवेचा रकाना तर अर्जातच होता. दात-ओठ खात तिनं सगळं परत लावलं. आधी पदक, मग धरणातल्या माशांवरचा प्रोजेक्ट, मग शाळा. शेवटी शिफारस देणारे. एक प्रोजेक्टच्या गाइड विनता मॅडम. दुसरे...

"वझलवार साहेब? हे कोण?"

"आमच्या फॅक्टरीचे रिटायर्ड साहेब. मी अर्जात पण टाकलं. त्यांना पत्राची लिंक गेली सुद्धा!"

"ते मला ओळखतात?"

"मला ओळखतात ना!"

शेवटची तारीख उद्याची. साहेबांनी पत्र धाडलं की नाव बदलता येणार नव्हतं; त्यांनी नकार दिला तरच दुसरं टाकता येणार होतं. लोक पत्र लिहा म्हणून पाया पडतात. ही बिचारी लिहू नका म्हणून स्कूटी हाणत निघाली.

साहेब कंप्युटरसमोरच बसले होते. "ये ये! झालंच. ऐक. गणेशोत्सवात हिची लावणी पाहून अख्खं जबलपूर हललं."

"काका, ती शर्मिला. माझी चुलत बहीण."

"अच्छा? मग नर्मदा पोहून गेली ती?"

"ती पण मी नाही."

"मग तू कोणती?"

"पडद्याची दोरी ओढणारी."

साहेबांनी चष्मा काढला. "तू करतेस तरी काय?"

यामिनीनं बरगीचं सांगितलं.

"हे कोणी पाहिलं?"

"जयाताईंनी. शाळा त्याच चालवतात. मी त्यांचंच नाव देणार होते, पण बाबांनी..." रागानं तिला रडूच आलं.

साहेबांनी घुश्शात चष्मा परत लावला. मग पत्र पुसलं, 'नकार'वर क्लिक केलं. फॉर्मनं कारण विचारलं, तर एका बोटानं टाइप केलं, 'मी या मुलीला ओळखत नाही.'

"घे. खोटं काही नाही यात."

बाहेर येताच तिनं जयाताईंना फोन लावला.

"पाठव लिंक," जयाताई म्हणाल्या. "इथं खाली नेट चालत नाही, छतावर चढून बसते. आजच लिहिते."

घरी बाबा दारातच उभे. "साहेब नाराज नाही ना झाले? आणि ऐक, लिंबू-चमचा एका ओळीत तरी बसव."

यामिनीनं लॅपटॉप उचलला, खोलीत गेली आणि आतून कडी लावून घेतली.